वजावट आधी, मर्यादा नंतर

आस्थापना शाखेत ज्यांची उमेदवारी झाली आहे त्यांना हे ठाऊक असते की, वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा दावा क्वचितच लेखी अर्जाच्या रूपाने टेबलावर येतो. तो येतो चहाच्या पेल्याबरोबर, किंवा पगाराच्या दिवशी खिडकीशी रेंगाळणाऱ्या एखाद्या कामगाराच्या तोंडून. त्याला खर्चाची एकूण रक्कम आधी आठवते, तारखा सगळ्यांत शेवटी, आणि कागद कोठे आहेत हे तर घरी विचारल्याशिवाय सांगताच येत नाही. अशा सैल बोलण्यातून नियमात बसणारा आणि तपासनिसासमोर टिकणारा दावा उभा करणे हे वस्तुतः आपले काम आहे. एका कारखान्यात गेल्या हिवाळ्यात उभ्या राहिलेल्या अशाच एका दाव्याचा तपशील या अंकी वाचकांपुढे ठेवावा असे योजले आहे. कारण त्यात बेरजेची एक चूक, तारखेचा एक मोह आणि क्रमाचा एक घोटाळा असे तिन्ही प्रसंग एकाच दप्तरात आले होते.

प्रथम त्या कारखान्याचा नियम. कुटुंबामागे वार्षिक कमाल मर्यादा ६०,००० रुपयांची. खोलीभाडे दररोज २,००० रुपयांपर्यंत. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या तीस दिवसांतील व घरी सोडल्यानंतरच्या साठ दिवसांतील संबंधित खर्च ग्राह्य. नोंदणी शुल्क, सोबतच्या माणसाचे जेवण आणि पूरक आहाराच्या वस्तू अग्राह्य. आणि अर्ज घरी सोडल्यापासून साठ दिवसांत. यापलीकडे नियमात काही नव्हते.

कामगाराचे म्हणणे असे होते : “अहो भाऊसाहेब, दिवाळीच्या तोंडावर हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पोटात तर गणपतीपासूनच दुखत होतं, तेव्हाच सोनोग्राफी केली होती. वीस हजार आधी भरले, बाकीचे सोडताना. औषधं वेगळी. साठेक हजारांना फोडणी बसली बघा.”

या पाच वाक्यांत दाव्याचा बहुतेक सांगाडा आहे, पण तो ऐकण्यासाठी कान हवा. नवखा कारकून ‘साठेक हजार’ एवढेच टिपून घेतो. जाणता कारकून ‘गणपती’ आणि ‘दिवाळी’ या दोन शब्दांपाशी थांबतो, कारण त्या दोहोंच्या मध्ये तीस दिवसांहून अधिक काळ गेलेला असणार हे त्याच्या ध्यानी येते. तो ‘वीस हजार आधी’ या शब्दांवरही खूण करून ठेवतो, कारण आगाऊ रकमेची पावती आणि अंतिम बिल ही एकाच पैशाची दोन रूपे असतात. मग तो प्रश्न विचारतो, आणि ते रकमेचे नसून तारखांचे असतात : दाखल कधी केले, घरी कधी सोडले, पहिल्यांदा डॉक्टरांना कधी दाखवले, शेवटचे औषध कधी आणले. तारखांची माळ एकदा ओवली गेली की रकमा आपोआप आपापल्या जागी जाऊन बसतात. याच वेळी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते, आणि ती संकोचामुळे बहुधा राहून जाते : विमा कंपनीकडून काही मिळाले आहे काय? मिळाले असेल तर ती रक्कम आपल्या दाव्यातून वजा झाली पाहिजे, आणि मूळ बिले तिकडे गेली असतील तर साक्षांकित प्रतींसोबत विमा कंपनीचे तडजोडपत्र जोडले पाहिजे. या कामगाराचा विमा नव्हता, म्हणून हा धागा येथेच सोडतो.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद आले. त्यांत रुग्णालयाचे ५०,१०० रुपयांचे अंतिम बिल होते व २०,००० रुपयांच्या आगाऊ भरण्याची पावती होती; रुग्णालयातील औषध दुकानाच्या चिठ्ठ्या मिळून ६,४०० रुपयांच्या, सोनोग्राफीचे १,४०० रुपये, दाखल होण्याच्या आठवड्यातील तपासणी-शुल्क ५०० रुपये व रक्ततपासणी ९०० रुपये; बाहेरच्या दुकानातून आणलेली औषधे २,१५० रुपयांची, आणि घरी आल्यावरची १,१२० रुपयांची. सर्व कागदांची सरळ बेरीज केली तर ८२,५७० रुपये होते. कामगार स्वतः साठेक हजार म्हणत होता, आणि कागद त्याच्याहून बावीस हजारांनी अधिक बोलत होते! तोंडी आकडा आणि कागदी बेरीज यांत एवढी तफावत निघाली, तर माणसावर संशय घेण्यापूर्वी बेरजेवर घ्यावा.

तफावतीची उकल साधी होती. अंतिम बिलाच्या तळाशी ‘आगाऊ जमा २०,०००, बाकी ३०,१००’ असा मजकूर होता, म्हणजे आगाऊ पावतीतील रक्कम बिलाच्या पोटातच होती. त्याच बिलात ‘औषधे ६,४००’ अशी एक ओळ होती. चिठ्ठ्यांवरील आंतररुग्ण क्रमांक बिलावरील क्रमांकाशी जुळत होता, तारखा दाखल असण्याच्या दिवसांतल्या होत्या आणि बेरीज रुपयापर्यंत तीच होती. तेव्हा त्या चिठ्ठ्या हा वेगळा खर्च नसून बिलातील एका ओळीचा पुरावा होता. बाहेरच्या दुकानाच्या २,१५० रुपयांच्या बिलाला मात्र ही कसोटी लागू पडत नव्हती, कारण ते औषध रुग्णालयात न मिळाल्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बाहेरून आणलेले होते. ते स्वतंत्र खर्च म्हणून राहिले. दुबार आलेले २६,४०० रुपये वगळता खरा खर्च ५६,१७० रुपयांचा ठरला, आणि कामगाराच्या ‘साठेक हजारां’शी त्याचे गोत्र जुळले.

येथे एक कागद कमी पडत होता, आणि तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. बिल म्हणजे मागणी, पावती म्हणजे भरणा. सोडताना भरलेल्या ३०,१०० रुपयांची पावती पिशवीत नव्हती, आणि नुसत्या बिलावर रक्कम मंजूर करणे म्हणजे मागणीलाच भरणा मानणे होय. रुग्णालयाच्या हिशेब खिडकीवर दुसरी प्रत मिळाली, त्यात एक दिवस गेला.

आता ग्राह्य-अग्राह्याचा निवाडा. दाखल झाल्याची तारीख १३ ऑक्टोबर, सोडल्याची १६ ऑक्टोबर, आणि सोनोग्राफीची ४ सप्टेंबर. अंतर एकोणचाळीस दिवसांचे. नियम तीस दिवसांचा. म्हणून १,४०० रुपये अग्राह्य. खोलीभाडे तीन दिवसांचे, दररोज २,५०० रुपयांनी आकारलेले. दिवसाला ५०० रुपये अधिक, म्हणून १,५०० रुपये कमी. नोंदणीचे ३०० व जेवणाचे ६०० रुपये बिलाच्या ओळींतच स्पष्ट होते, आणि घरी आल्यानंतरच्या औषधांच्या बिलात प्रथिनांच्या भुकटीचा ३२० रुपयांचा डबा लपलेला होता. एकूण वजावट ४,१२० रुपये. ग्राह्य खर्च ५२,०५० रुपये.

सोनोग्राफीच्या जागी मोह उभा राहिला. त्या केंद्रातला माणूस ओळखीचा होता, आणि तारीख पुढची घालून बिल नव्याने देण्याची त्याची तयारी होती, असे कामगाराने अत्यंत निरागसपणे सांगितले. असे बिल बनावट होय, आणि ते दप्तरात घेणारा कारकून त्या बनावटीत भागीदार होतो, याविषयी दुमत असू नये. तथापि त्या कामगाराला नीतीपेक्षा हिशेबच लवकर पटला, आणि तो हिशेब पुढील परिच्छेदात येतो.

त्याच वर्षी जुलै महिन्यात मुलाच्या तापाच्या आजारासाठी ८,२०० रुपये मंजूर झालेले होते, म्हणून ६०,००० पैकी शिल्लक ५१,८०० रुपयांची. ग्राह्य खर्च ५२,०५०, शिल्लक ५१,८००. मंजूर रक्कम ५१,८०० रुपये, आणि मर्यादेबाहेर पडले ते अवघे २५० रुपये. सोनोग्राफीचे १,४०० रुपये खोट्या तारखेने आत आणले असते तरी मंजूर रक्कम एका रुपयानेही वाढली नसती. मर्यादेबाहेर पडणारा आकडा तेवढा २५० वरून १,६५० वर गेला असता. घरी सोडल्यानंतरच्या एका तपासणीचे ५०० रुपये पावतीविना राहिले होते, त्यांचीही गोष्ट हीच. त्या पावतीसाठी शस्त्रक्रियेतून नुकत्याच उठलेल्या बाईला पुन्हा रुग्णालयाच्या पायऱ्या चढायला लावण्यात काहीच हशील नव्हते.

परंतु हिशेब तपासनिसाकडे गेला तेव्हा तो ४७,६८० रुपयांवर उतरून परत आला. तपासनिसाने ५६,१७० वर आधी मर्यादा लावून ५१,८०० केले होते, आणि मग त्यातून ४,१२० रुपयांची वजावट केली होती. आकडेमोड निर्दोष होती. क्रम उलटा होता. नियमाचा मूळ मजकूर ‘ग्राह्य खर्च, कमाल मर्यादेच्या अधीन राहून’ असा होता, आणि त्या शब्दरचनेचा अर्थ एकच होतो : प्रथम ग्राह्य खर्च ठरवावयाचा, मग त्यावर मर्यादा. उलट क्रमाने चालल्यास मर्यादेमुळे जी रक्कम कामगाराने आधीच स्वतःच्या खिशातून सोसली, तिच्यावर अग्राह्य बाबींचा भार पुन्हा लादला जातो. शेऱ्यासह दप्तर परत गेले, आणि ५१,८०० कायम झाले.

एका जुन्या गोष्टीचे स्मरण येथे अनाठायी होणार नाही. आर्थिक वर्ष २०१७-१८ पर्यंत प्रतिपूर्तीतील १५,००० रुपये करमुक्त असत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये औषध दुकानांच्या बिलांचे गठ्ठे कचेऱ्यांत येऊन पडत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ती सवलत काढून ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट दिली. तेव्हापासून अशी रक्कम, सरकारी किंवा स्थानिक संस्थांच्या रुग्णालयांतील उपचार आणि आयकर खात्याने मान्य केलेल्या रुग्णालयांतील विहित रोगांवरील उपचार यांसारखे अपवाद सोडता, वेतनात मिळवली जाऊन करपात्र धरली जाऊ लागली. हे कामगाराला मंजुरीच्या आधी सांगावे, पगारपत्रक हातात पडल्यावर नव्हे.

अर्जाचा मसुदा शेवटी अर्ध्या पानात मावला : रुग्णाचे नाव व नाते, आजार, दाखल व घरी सोडल्याच्या तारखा, विमा नसल्याचे कथन, तारखेच्या क्रमाने सहा बिलांची यादी, आणि प्रत्येक बिलासमोर खर्च, वजावट, कारण व ग्राह्य रक्कम असे चार रकाने. सोनोग्राफीचे बिल यादीतून वगळले नव्हते. ते ‘मुदतीबाहेर’ या शेऱ्यासह शून्य ग्राह्य रक्कम दाखवून ठेवले होते, म्हणजे पुढे कोणी विचारले तर उत्तर कागदावरच मिळावे. दुबार चिठ्ठ्या यादीत न घेता अंतिम बिलाला टाचल्या होत्या. अर्ज १ डिसेंबरला दाखल झाला. मुदत १५ डिसेंबरला संपत होती.

ज्या वाचकांच्या आस्थापनेत मर्यादा आधी व वजावट नंतर असा प्रघात पडलेला असेल, त्यांनी आपल्या नियमाची मूळ प्रत कपाटातून काढून ते एक वाक्य पुन्हा वाचावे, आणि प्रघात व मजकूर यांत अंतर आढळल्यास मजकूर उतरवून आमच्याकडे पाठवावा. पुढील अंकात त्या वाक्यांचा तौलनिक विचार करण्याचा मानस आहे.