दहावी झाली, आता बंदीच्या दोन महिन्यांत पोराने वायरिंग शिकावी का?



दहावीचा निकाल लागला की आपल्या ऑफिसात एकच प्रश्न येतो. "भाऊ, पोरगं पास झालं, पुढं शिकायला पैसा नाही, एखादा लहान कोर्स करून लगेच कमावता येईल का?" कोणी वायरिंगचं विचारतं, कोणी वेल्डिंगचं. एका डोंगावाल्या काकांनी उलटं विचारलं, "पोरं सगळी पाण्यावरून उतरली तर जाळं कोण ओढणार?" दोघांनाही मी इथंच उत्तर देतो, कारण दोघांचा प्रश्न एकच आहे.

आधी काकांचं. आपल्या मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. हे दोन महिने घरातली सगळी माणसं बसून असतात आणि व्यापाऱ्याची उचल वाढत जाते. डोंगा तेवढाच, तापीचं पाणी तेवढंच, पण घरात खाणारी तोंडं वाढली. एका डोंग्यावर दोन भाऊ पुरतात, तिसरा नुसता बसून असतो. तिसऱ्याने दुसरं काम शिकलं तर जाळं सुटत नाही, उलट बंदीच्या दिवसांत घरात रोकड येते.

आता कोर्सचं. यात एक गोष्ट बहुतेक घरांत चुकते, ती म्हणजे वय. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ज्याला आपण आरसेटी म्हणतो, तिथं घरगुती वायरिंगचा साधारण 30 दिवसांचा कोर्स असतो. या संस्था बँका चालवतात. फी नाही, राहणं-जेवण फुकट, आणि नंतर दोन वर्षं पोराची विचारपूस करायची असा त्यांचा नियमच आहे. पण तिथं वयाची 18 वर्षं पूर्ण लागतात. दहावी पास झालेलं पोरगं 15-16 चं असतं. म्हणून त्याला घेऊन गेलं की परत पाठवतात, आणि घरचे म्हणतात, "सरकारी योजना, आपलं काम कुठं होतंय."

तसं नाही. 16 वर्षांच्या पोराची वाट आयटीआय आहे. तिथं 14 वर्षांपासून घेतात. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, त्याला दहावीत गणित आणि विज्ञान लागतं. वायरमन ट्रेडसुद्धा दोन वर्षांचा आहे. वेल्डर एका वर्षाचा. दोन वर्षांनी पोरगं 18 चं होऊनच बाहेर पडतं, म्हणजे त्याचं काही वाया जात नाही. 30 दिवसांचा कोर्स आहे तो दहावी करून दोन-तीन वर्षं घरी बसलेल्या, 18 च्या वरच्या पोरासाठी. त्याला बंदीचा काळ बरोबर जमतो. जूनमध्ये बसला तर 15 ऑगस्टच्या आधी मोकळा होतो, आणि पुढं दिवाळीच्या तोंडावर घराघरांत लाईट फिटिंगची कामं निघतात.

वायरिंग की वेल्डिंग? वेल्डिंग वाईट नाही, पण स्वतःचं करायचं तर मशीन, जागा आणि तेवढा लोड पेलणारं कनेक्शन लागतं. नाहीतर बरीच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात ग्रिल-गेट करत बसावं लागतं. वायरिंगची हत्यारं एका पिशवीत मावतात. पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, आणि पुढं पैसे साठले की ड्रिल. ज्याच्याकडे भांडवल नाही त्याने आधी वायरिंग धरावी, असं माझं मत आहे.

पण "लगेच पैसा" म्हणजे किती, ते मांडून बघू. आपल्याकडचं साधं घर घ्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओटा आणि संडास. दोन्ही खोल्यांत एक लाईट, एक पंखा आणि एक लहान पिन, म्हणजे सहा पॉइंट. स्वयंपाकघरात लाईट आणि लहान पिन, हे आठ. ओट्याचा लाईट नऊ, संडासचा दहा. त्याशिवाय मिक्सर-शेगडीसाठी 16 अँपिअरची मोठी पिन, ती अकरावी. मजुरी पॉइंटवर ठरते. भाव गावागणिक बदलतो, आपण हिशोबाला 200 रुपये धरू. अकरा पॉइंटचे 2,200 झाले. भिंत फोडून पाइप टाकायचा तर दोन माणसांचे तीन दिवस जातात, म्हणजे सहा रोज. एका रोजाला साडेतीनशेच्या आसपास पडतात, आणि त्यातही मिस्तरी जास्त ठेवणार, नवीन पोराला कमी देणार. तेही बरोबरच आहे, कारण चूक झाली तर बोलणी मिस्तरी खातो. म्हणून पहिल्या वर्षी घरखर्चाला हातभार लागेल एवढंच धरा. या कमाईच्या भरवशावर हप्त्याची मोटारसायकल घेऊ नका.

दुसरी गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे. 30 दिवसांत पोरगं वायर ओढायला आणि बोर्ड भरायला शिकतं. काय केलं तर माणूस मरतो, हे मुरायला वेळ लागतो. आणि आपली घरं या बाबतीत जास्त धोक्याची आहेत. आपण पाण्यातून ओल्या अंगाने, अनवाणी घरी येतो. ओलं जाळं पत्र्यावर नाहीतर लोखंडी पाइपावर टाकतो. कोणीतरी पत्र्याखाली वायरला जोड देऊन नुसती टेप गुंडाळलेली असते. पावसात टेप सुटते, पत्र्यात करंट उतरतो आणि जाळं ओढणाऱ्याला धरतो.

म्हणून कोर्स करून आलेल्या पोराला मी तीन गोष्टी विचारतो. तुम्हीही आपल्या घरी विचारा.

पहिली, खटका कुठल्या तारेत टाकलास? उत्तर "फेजमध्ये" हवं. न्यूट्रलमध्ये टाकला तरी दिवा लागतो आणि विझतो, म्हणून चूक दिसत नाही. पण खटका बंद असूनही होल्डरमध्ये करंट उभा राहतो, आणि दिवा बदलायला गेलेल्याला झटका बसतो.

दुसरी, एमसीबी कशासाठी असतो? पोरगं "टीव्ही-फ्रिज जळू नये म्हणून" असं म्हणालं तर त्याला अजून शिकायचं आहे. एमसीबी वायर वाचवायला असतो. वरच्या घरात दिवे-पंखे आणि लहान पिना मिळून दहा पॉइंट आहेत. एका लाईन सर्किटवर एवढेच चालतात, आणि एकूण लोड 800 वॅटच्या आत हवा. त्याला दीड स्क्वेअर एमएमची वायर आणि 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी. मोठी पिन वेगळी, तिला अडीचची वायर आणि 16 चा एमसीबी. आता होतं काय, तर लहान पिनेवर कोणी शेगडी लावतं, एमसीबी सारखा पडतो, घरची बाई वैतागते, आणि शिकाऊ पोरगं तिथं 32 चा एमसीबी टाकून देतं. एमसीबी पडायचा थांबतो आणि सगळे खूश होतात. पण आता भिंतीतली दीडची वायर तापते आणि तिला थांबवणारं कोणी नाही. बोर्ड हाताला गरम लागला, पिन काळी पडली किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तर समजा असंच कोणी केलं आहे.

तिसरी, अर्थिंग आहे हे कशावरून सांगतोस? बरेच जण फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून बघतात. दिवा मिणमिणला तर अर्थिंग कच्चं, हे खरं. पण पूर्ण लागला म्हणजे पक्कं, हे खरं नाही. कोणी आळसाने बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवले असतील तरी दिवा पूर्णच लागतो. अशा घरात बाहेर न्यूट्रल तुटला की कूलरच्या पत्र्यात करंट येतो. जाणकार पोरगं आधी हा जोड शोधतं, मग मीटरने तपासतं. शेवटी 500 व्होल्टच्या मेगरने वायरचं इन्सुलेशन बघतं, ते 1 मेगाओमच्या खाली नको. आणि आपल्यासारख्या ओल्या घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवाच म्हणतं. (ही तपासणी जाणकाराचीच आहे, आपण दिवा घेऊन करायला जाऊ नका.)

शेवटचं, सर्टिफिकेटबद्दल. 30 दिवसांच्या सर्टिफिकेटवर नवीन मीटरच्या टेस्ट रिपोर्टला सही करता येत नाही. त्याला परवानाधारक ठेकेदाराचीच सही लागते. म्हणून कोर्सनंतर पोराने अशाच ठेकेदाराच्या हाताखाली उभं राहावं, कुठल्या तारखेला कुठं काम केलं ते वहीत लिहून ठेवावं, आणि दोन-तीन वर्षांनी वायरमन परवान्याची परीक्षा द्यावी. परवाना आला आणि पुढं ठेकेदाराचं लायसन्स काढलं की तो स्वतःच्या नावावर काम घेतो. त्याशिवाय तो कायम हेल्परच राहतो, आणि मग आपण म्हणतो कोर्सचा काही उपयोग झाला नाही.

काही जण पैसे घेऊन आठ-दहा दिवसांत सर्टिफिकेट देतात. फी भरायच्या आधी आत जाऊन बघा. सरावाची भिंत आहे का, प्रत्येक पोराच्या हातात पक्कड येते का, मेगर तरी ठेवला आहे का? नुसत्या खुर्च्या आणि फळा असेल तर परत या.

तर माझं म्हणणं एवढंच. 16 चं पोरगं असेल तर दोन वर्षं आयटीआय, घरची ओढाताण झाली तरी. 18 च्या वरचं बसून असेल तर या बंदीत 30 दिवस, आणि पुढं मिस्तरीच्या हाताखाली. कमाई चार महिने उशिरा आली तर घर चालतं. पत्र्यात करंट सोडणारं पोरगं मात्र कोणाच्याच घरी नको.

ज्यांना फॉर्म भरायचा आहे त्यांनी पोराची दहावीची मार्कशीट, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन जूनच्या आधी ऑफिसात यावं. आपण बसून भरू.

— सचिव