नऊ वर्षांची नोकरी आणि एक लाख चाळीस हजार

यंदा मंडळाच्या गणपतीत, आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभा असताना, आमच्या सोसायटीतला एक मुलगा हळूच जवळ आला. "काका, दादऱ्याची कंपनी सोडली. पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेऊ ना? एक लाख चाळीस हजार मिळतील म्हणतात. फ्लॅटच्या डाउन पेमेंटला तेवढेच कमी पडतायत."

पस्तीस वर्षं पगारपत्रकं केल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. रांगेत उभ्या-उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन घरी बोलावलं. त्या दिवशी आम्ही जी आकडेमोड केली, तीच आज इथे मांडतो. सिल्वासा-दादरा-वापी पट्ट्यात कंपन्या बदलणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर ही वेळ येते.

आधी हे पैसे येतात कुठून ते पाहू. कंपनी तुमच्या पीएफसाठी १२ टक्के भरते, पण ते सगळे पीएफमध्ये जात नाहीत. त्यातले ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ म्हणजे ईपीएस ९५ मध्ये वळतात. सप्टेंबर २०१४ पासून त्यासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, म्हणून तुमचा बेसिक कितीही असला तरी महिन्याला १,२५० रुपयेच तिकडे जातात. आणि हे पैसे पीएफसारखे तुमच्या नावावर व्याजासकट साठत नाहीत. एका मोठ्या सामायिक हौदात पडतात. तुमच्या नावावर जमा होतात ती फक्त सेवेची वर्षं.

नोकरी सुटली आणि सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असली, तर दोन वाटा असतात. एक, फॉर्म १० सी भरून एकरकमी पैसे घ्यायचे. दुसरी, ती वर्षं जपायची: नवी नोकरी असेल तर ट्रान्सफर करून, नसेल तर त्याच फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट मागून. दहा वर्षं झाली की पहिली वाट बंद होते आणि पेन्शनच मिळते. यात सहा महिने किंवा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे खरी सीमा साडेनऊ वर्षांची. "साडेनऊच्या आत सोड, नाहीतर पैसे अडकतात" हा सल्ला कंपनीच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. त्याची किंमत किती, ते पुढे बघू.

आमच्या मुलाचा हिशोब असा. तो १ ऑगस्ट २०१६ ला, चोवीसाव्या वर्षी, १२,००० बेसिकवर धाग्याच्या कंपनीत लागला. ३१ जुलै २०२५ ला सोडली तेव्हा बेसिक १५,००० च्या वर होता आणि सेवा बरोबर नऊ वर्षं. एकरकमी रक्कम 'तक्ता ड' वरून ठरते. नऊ वर्षांना शेवटच्या पगाराच्या ९.३३ पट, आणि पगार १५,००० च धरायचा. म्हणजे १,३९,९५० रुपये. त्याला कुणी सांगितलेला आकडा बरोबर होता. (पूर्वी या तक्त्यात वरचे महिने सोडून द्यायचे. जून २०२४ पासून पूर्ण झालेला प्रत्येक महिना मोजतात.)

आता दुसरी वाट. पेन्शनचं सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, पुन्हा १५,००० च्या मर्यादेत. अठ्ठावन्नपर्यंत त्यानं नोकरी केली तर नऊ अधिक पंचवीस, चौतीस वर्षं. वीस वर्षं पूर्ण करणाऱ्याला दोन वर्षं वाढवून मिळतात, म्हणून छत्तीस. १५,००० गुणिले ३६ भागिले ७०, म्हणजे महिना ७,७१४ रुपये.

आणि पैसे काढले तर? त्याचा वापीच्या नव्या कंपनीतला बेसिक २२,०००, दिवाळीनंतर रुजू व्हायचं. सप्टेंबर २०१४ नंतर नव्यानं लागणाऱ्याचा बेसिक १५,००० च्या वर असेल तर तो पेन्शन योजनेत येऊच शकत नाही. जुना सदस्य वर्षं घेऊन आला तर चालू राहतो. पण ज्यानं पैसे काढून घेतले त्याचं जुनं सदस्यत्व संपतं, तो नवाच धरला जातो. म्हणजे आपल्या मुलाची नऊच वर्षं जात नव्हती, पुढची पंचवीससुद्धा जात होती. हे ऐकून त्याची बायको त्याच्याकडे ज्या नजरेनं बघायला लागली, त्यावरून फ्लॅटची घाई कुणाला होती ते मला कळलं.

पण इथे थांबलो असतो तर मी त्याला अर्धंच सांगितलं असतं. योजनेबाहेर गेल्यावर ते १,२५० रुपये बुडत नाहीत, कंपनीचे पूर्ण १२ टक्के त्याच्या पीएफमध्ये जातात. ८.२५ टक्के व्याजानं पंचवीस वर्षांत त्या १,२५० चे साधारण ११ लाख ४० हजार होतात. हातात आलेले एक लाख चाळीस हजार पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी तेवढीच वर्षं पडून राहिले तर सुमारे ७ लाख ८० हजार. दोन्ही मिळून एकोणीस लाखांच्या वर. त्यावर सात टक्के व्याज धरलं तरी महिना ११,००० सुटतात आणि मुद्दल शाबूत राहतं. पेन्शन ७,७१४, तीही महागाईबरोबर न वाढणारी, आणि मागे मुद्दल काही नाही. कागदावर एकरकमीच जिंकते, आणि हे मी दोघांना लपवून ठेवलं नाही. पेन्शनच्या बाजूचे लोक हा हिशोब सहसा करून दाखवत नाहीत.

मग मी त्याला विचारलं, "ते पैसे पंचवीस वर्षं पडून राहणार आहेत का?" नव्हतेच राहणार, ते बिल्डरकडे जाणार होते.

माझा एक सहकारी होता. सहा वर्षं एका कंपनीत, पाच दुसरीकडे, आठ तिसरीकडे. प्रत्येक वेळी फॉर्म १० सी भरला. एकदा स्कूटर आली, एकदा गावच्या घराला पत्रे पडले, शेवटची रक्कम मुलीच्या लग्नात गेली. एकोणीस वर्षं पेन्शनचा हप्ता भरलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनविना घरी बसला. खर्च चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. पण दर वेळी पाटी पुसून पुन्हा एकपासून मोजणी सुरू होते, हे त्याला तिसऱ्या वेळी कळलं.

खरा फरक मात्र म्हातारपणाचा नाहीच, मधल्या वर्षांचा आहे. असलं बोलायला जीभ अडखळते, पण पोरगा समोर होता, त्याची बायको होती, मांडीवर तीन वर्षांची मुलगी होती, म्हणून बोललो. समज, तू त्रेचाळीसाव्या वर्षी नोकरीत असताना गेलास. योजनेत असशील तर सेवा एकोणीस वर्षं. बायकोला त्या दिवशी तू निवृत्त झाला असतास तर जेवढी मिळाली असती तेवढी पेन्शन लगेच सुरू होते, अठ्ठावन्नची वाट बघायची नाही. १५,००० गुणिले १९ भागिले ७०, म्हणजे ४,०७१. मुलीला पंचवीस वर्षांची होईपर्यंत त्याचा चौथा हिस्सा, १,०१८. घरात महिना पाच हजारांवर. योजनेबाहेर असशील तर दहा वर्षं पीएफमध्ये गेलेल्या १,२५० चे साधारण दोन लाख वीस हजार झालेले असतील. पाच हजारांच्या हिशोबानं ते साडेतीन वर्षं पुरतील. (पीएफला जोडलेल्या विम्याचे पैसे दोन्हीकडे सारखेच.)

म्हणून माझं मत असं, की ईपीएसला गुंतवणूक म्हणून बघितलं तर ती सामान्यच आहे, विमा म्हणून बघितलं तर तरुण, मुलंबाळं असलेल्या माणसाला परवडणारी आहे. चाळिशीच्या पुढचा, मुलं मार्गी लागलेला, दुसरी सोय असलेला माणूस वेगळा निर्णय घेऊ शकतो, आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पेन्शन सुरू झाल्यावर मात्र एकरकमी काही मिळेल ही आशा ठेवू नका. पूर्वी तिचा एक तृतीयांश भाग विकून रोख घेता यायचा, सप्टेंबर २००८ पासून ती सोय बंद आहे.

पैसे काढायचंच ठरलं तरी त्या दिवशीचा नियम बघून घ्या. आजवर नोकरी सुटल्यावर दोन महिने थांबलं की अर्ज करता यायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं पेन्शनच्या रकमेसाठी ही मुदत ३६ महिने करायचं ठरवलं. डाउन पेमेंटचा भरवसा यावर ठेवू नये हे सांगायला एवढं पुरे.

त्यानं ट्रान्सफर करायचं ठरवलं. डाउन पेमेंटला सासऱ्यांनी हातभार लावला, फ्लॅट एक खोली लहान घेतला. फॉर्म भरण्याआधी त्याला तीन गोष्टी तपासायला लावल्या: यूएएन एकच आहे ना, जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर बरोबर टाकली आहे ना, आणि बिनपगारी दिवस किती लागले आहेत. हे दिवस सेवेतून वजा होतात. साडेनऊ किंवा दहाच्या काठावर असलेल्याला त्यामुळे फटका बसू शकतो. जुन्या कंपनीनं तारीख टाकलीच नसेल, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला टाकता येते.

ट्रान्सफर झाल्यावर त्याचा घाबऱ्या आवाजात फोन आला. "काका, पीएफ आला, पण पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतंय. गेले का पैसे?"

गेले नव्हते. पेन्शनमध्ये पैसे इकडून तिकडे जातच नाहीत, सेवा जाते. त्याला सर्व्हिस हिस्टरीचं पान उघडायला लावलं. तिथे दादऱ्याची कंपनी होती, १ ऑगस्ट २०१६ ते ३१ जुलै २०२५, आणि तिच्या खाली वापीची, शेवटची तारीख रिकामी.