साखळी माझ्यापाशी थांबली, खाला

‘हा मेसेज अकरा जणांना पाठवा, उद्यापर्यंत आनंदाची बातमी कळेल. दुर्लक्ष केलंत तर...’ पुढचं सगळ्यांना पाठ आहे. वर कधी मक्का-मदिनेचं चित्र असतं, कधी कमळातली लक्ष्मी, कधी नुसताच गुलाब. खालचा मजकूर तोच.

ही मंडळी मोबाईलबरोबर आली असं कुणाला वाटत असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं. मुसलमानांच्या घरांत ‘वसीयतनामा’ नावाचा छापील कागद यायचा. मदिनेच्या मस्जिदे नबवीचे खादिम शेख अहमद यांना स्वप्नात हुजूरांनी दर्शन दिलं, उम्मतीसाठी इशारा दिला, तो पुढे पोहोचवा. ज्याने छापून वाटला त्याचा धंदा वाढला, ज्याने खोटा म्हटला त्याचा मुलगा गेला. हे शेख अहमद काही म्हातारे होत नाहीत. स्नूक हुरग्रोन्ये या डच अभ्यासकाने याच पत्रावर १८८४ साली लेख लिहिला होता, कारण तेव्हा ते थेट जावा-सुमात्रापर्यंत फिरत होतं. पुढे सौदी अरबस्तानातले मोठे आलिम इब्न बाझ यांनी ते बनावट असल्याचं स्वतंत्र लिहून सांगितलं. तरी कागद फिरतच राहिला. त्याच काळात शेजारच्या काकूंकडे संतोषी मातेची पोस्टकार्डं यायची. इतकी कार्डं लिहा, नाहीतर अमुक होईल. देव वेगळा, भाषा वेगळी, पण आकडा, मुदत, बक्षीस आणि धाक ही चौकट दोन्ही घरांत एकच.

असा मजकूर टिकतो तो त्या चौकटीमुळे. ज्या कागदावर ‘पुढे पाठवा’ लिहिलेलं नव्हतं तो वाचून कपाटात गेला. ज्यावर लिहिलं होतं तो आपल्यापर्यंत आला. त्यातही नुसतं बक्षीस असतं तर आळसापुढे हरलं असतं, म्हणून धाक लागतो.

आता हिशेब करून पाहू. एकाने अकरांना पाठवलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रत्येकी नव्या अकरांना, तर १२१. तिसऱ्या दिवशी १,३३१. सहाव्या दिवशी पावणेअठरा लाख. आठव्या दिवशी एकवीस कोटींच्या वर, आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती सव्वाअकरा कोटींच्या आसपास. दहाव्या दिवशी जगात तेवढी माणसंच उरत नाहीत. म्हणजे साखळी तोडणारे आपण एकटे नाही. बहुतेक सगळ्यांनी ती तोडली म्हणूनच ती आपल्याला अधूनमधून दिसते, रोज हजार वेळा नाही. आणि तोडणारे आपापल्या घरी चहा पीत बसले आहेत.

हा हिशेब मला आवडतो, पण तो मी खालाला पाठवला नाही.

माझी खाला सोलापुरात असते. मागच्या मे महिन्यात तिच्याकडून असाच मेसेज आला. वर दुहेरी बाण होता, म्हणजे तो आधीच खूप हातांतून फिरून आलेला. व्हॉट्सअ‍ॅपने २०२० पासून अशा मेसेजला एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायची मुभा ठेवली आहे. तेव्हा अकरांना पाठवायचं तर अकरा वेळा बोट लावून धरा, बाण दाबा, नाव शोधा. खालाचा चष्मा जुना, अंगठा जाड. तिने हे अकरा वेळा केलं आणि त्या अकरांत मी होतो. मला तर हे ईदीच्या पाकिटासारखं वाटलं.

दुसरं असं की तिच्या नातवाचा बारावीचा निकाल त्याच आठवड्यात लागायचा होता. एवढं कळलं की मेसेजचं निम्मं कोडं सुटतं. तिला नशिबाचा सिद्धांत मांडायचा नव्हता. हातात करण्यासारखं काहीच नसताना तिला हे एक करता आलं.

माझ्या एका चुलतभावाने तोच मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकून खाली एका मौलानांची क्लिप जोडली, शिर्क आणि बिदअतवर, साडेअठरा मिनिटांची. क्लिपमधली गोष्ट चुकीची नव्हती. पण एकोणतीस माणसांसमोर सत्तरीच्या बाईला ती ऐकवली की तिच्या लक्षात राहतो फक्त अपमान. भाचीने हसण्याचे तीन चेहरे टाकले, ते त्याहून वाईट. गप्प बसणंही वाटतं तितकं सोपं नाही. निळ्या खुणा खालाला कळतात, आणि उत्तर नाही म्हणजे पोरगा बिझी आहे की रुसला आहे, हा विचार ती संध्याकाळपर्यंत करत बसते.

मी ग्रुप सोडून तिला एकटीला लिहिलं, घरातल्या दखनीत: ‘खाला, दुआ मिल गई. वो मैं अपने पासच रख लिया, किसीकू नहीं देता. छोटे का रिजल्ट कब है?’

तीन छोटी वाक्यं. पहिल्यात पोच, दुसऱ्यात नकार, तिसऱ्यात तो प्रश्न जो तिला खरं म्हणजे कुणीतरी विचारायला हवा होता. क्रमही महत्त्वाचा आहे. नकार शेवटी ठेवला तर तोच हातात राहतो.

तिचं उत्तर लगेच आलं, बोललेलं: ‘ऐसा रोकना नै रे बेटा, कुछ हुआ तो?’

इथे हिशेब सांगायचा मोह होतोच. मी एवढंच लिहिलं: ‘हुआ तो मेरे ऊपर. तुम तो भेजे ना, तुमारा काम हो गया.’ धाक तिच्या डोक्यावरून उतरवून माझ्यावर घेतला की तिची भीती आणि माझा नकार यांचं भांडण लागत नाही. खोटंही काही बोललो नाही. ‘हो, पाठवला’ असं सांगून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण मग पुढच्या वेळी ती विश्वासाने पुन्हा आपल्यालाच विचारते, आणि तेव्हाही खोटंच बोलावं लागतं.

एवढी मोकळीक फक्त नशिबाच्या मेसेजला. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा, एखाद्या जमातीबद्दलचं विष, औषध बंद करा सांगणारा नुस्खा यांना गंमतीने उत्तर देऊन चालत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने अशाच एका अफवेवरून ठेचून मारलं. तिथे खाला असो की खुद्द अब्बा, फोन उचलून ‘हे खोटं आहे, पुसून टाका, ज्यांना पाठवलं त्यांनाही सांगा’ म्हणावंच लागतं. हुजूरांच्या नावावर घातलेली वचनंही मी नशिबाच्या खात्यात धरत नाही. पण तिथेही सुरुवात ‘ही हदीस कुठल्या किताबात आहे, खाला?’ अशी करता येते. तिला माहीत नसतं, ती पाठवणाऱ्याला विचारते, त्यालाही माहीत नसतं. साखळी उलटी फिरायला लागते, आणि त्यात मला खरी गंमत वाटते.

निकाल लागला. पोरगा एकसष्ट टक्क्यांनी पास झाला. श्रेय मेसेजला, दुआला की शेवटच्या महिन्यात लावलेल्या ट्यूशनला, यावर घरात अजून एकमत नाही. खालाने पेढे पाठवले. गेल्या जुम्म्याला तिचा नवा मेसेज आला, या वेळी एकवीस जणांचा. खाली तिने स्वतः टाईप केलं होतं: ‘तू मत भेज. पढ ले बस.’