51 किलो रुई आणि एक खुर्ची

रायपूरच्या बूढापाऱ्यात मराठी घरे आहेत ती आजकालची नाहीत. 1854 मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगढचा कारभार नागपूरहून चाले. त्या कारभाराच्या निमित्ताने, आणि पुढे शाळा, कचेऱ्या, वकिली यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे बूढा तलावाच्या आसपास आणि तात्यापाऱ्यात स्थिरावली. माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळा याच भागात आहे. अशा घरांतून लोड आणि तक्के अजूनही सापडतात, पण बहुधा माळ्यावर. गणपतीत किंवा सत्यनारायणाला ते खाली येतात, पांढऱ्या चादरीवर दोन तास मिरवतात आणि पुन्हा वर जातात. पुढच्या खोलीत वर्षभर राज्य सोफ्याचेच.

आता काही घरांतून सोफा हलवून बैठक रोजच्या वापरात आणायची टूम निघाली आहे. टूम वाईट नाही. फक्त समारंभाची बैठक आणि रोजची बैठक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात न घेता माळ्यावरचे सामान खाली मांडले, तर सोफा परत येतो. दोन तासांना कसलीही गादी चालते. रोज सकाळचा पेपर, दुपारची डुलकी, मुलांचा अभ्यास आणि रात्री आठ माणसांच्या गप्पा सोसायच्या असतील तर हिशेब मांडावा लागतो.

उदाहरणादाखल 10 बाय 14 फुटांची पुढची खोली घेऊ. जुन्या घरांत साधारण एवढीच असते. लांब भिंतीपैकी 2 फूट दाराच्या कोपऱ्यासाठी सोडले की 12 फूट उरतात. तिथे 6 बाय 3 फुटांच्या दोन गाद्या सलग बसतात. आखूड भिंतीच्या 10 फुटांतले 3 फूट कोपऱ्यातल्या गादीने घेतलेलेच असतात. उरलेल्या 7 फुटांत तिसरी गादी बसते आणि वर एक फूट दिवा ठेवायला मिळतो. गादीची रुंदी अडीच फूट ठेवली तर जागा वाचते असे वाटते, पण तो मोह टाळावा. मागे लोड आपले 9 इंच घेतो, मांडी घालून बसलेल्या माणसाला सव्वादोन फूट लागतात, आणि अडीच फुटांच्या गादीवर गुडघे कडेबाहेर लोंबतात. लोंबणारा गुडघा दुखतो. बसणाऱ्याला वाटते आपल्याला खाली बसणे सोसत नाही. खरे तर गादी अरुंद असते.

रुईचा हिशेब तर भल्याभल्यांना चकवतो. 6 बाय 3 ची, चार इंच जाडीची गादी भरायला साधारण 9 किलो रुई लागते. तीन गाद्यांची 27 किलो झाली. लोड मात्र दिसायला लहान आणि खायला राक्षस. अडीच फूट लांब, 9 इंच जाड असा एक लोड नीट ठासून भरायचा तर 4 किलोच्या आसपास रुई जाते. वरच्या मांडणीत असे सहा लोड लागतात, म्हणजे 24 किलो. एकूण 51 किलोंपैकी जवळजवळ निम्मी रुई लोडांत गेली. पैसे वाचवायला लोक नेमकी इथे काटछाट करतात आणि अडीच किलोंत लोड उरकतात. पहिल्या महिन्यात तो गुबगुबीत दिसतो. मग मधोमध खळगा पडतो, टेकलेला माणूस हळूहळू घसरत आडवा होतो, आणि कमरेचा आधार गेल्यामुळे पाठ भरून येते.

लोड बरोबर भरला आहे की नाही, हे टेकूनच कळते. मध्यम वजनाच्या माणसाने पाठ टेकल्यावर तो दोन बोटांपेक्षा जास्त दबू नये. म्हणून लोडाची आतली पिशवी एका टोकाला शिवून बंद करू नये, नाडीची ठेवावी. महिन्याभराच्या वापरानंतर रुई बसते, तेव्हा त्याच टोकाने मूठ-मूठ रुई आत सारून काठीने मध्यापर्यंत ठासता येते. सावरीचा कापूस उशीला उत्तम, मऊ आणि हलका. पण लोडात तो टिकत नाही, चेपून जातो. रुई घेताना एक पुंजका हातात घेऊन ओढून पाहावा. तंतू लांब निघाले तर ठीक. भुगा गळू लागला आणि सरकीचे काळे कण दिसले, तर ती गिरणीतली टाकाऊ रुई समजावी. जुन्या गादीची रुई पुन्हा पिंजून घेता येते, मात्र त्यात आखूड तंतू आणि धूळ निघून जाते. तेवढी नवी रुई मिसळावी लागते.

लोड फक्त कमरेला धरतो, खांद्यांना नाही. पेपर वाचण्यापुरते ते पुरते. तासभर बसायचे तर लोडाच्या वर भिंतीला उभा तक्क्या हवा. आणि जुन्या घरात आणखी एक लहानसा त्रास ठरलेला: चुन्याची भिंत पाठीला लागते, पाहुणा उठतो तेव्हा सदऱ्यावर पांढरा पट्टा असतो. ऑइल पेंट दिला तर चुना लागत नाही, मग डोक्याच्या तेलाचे डाग भिंतीवर उमटतात. दोन फूट उंचीची जाड कापडाची पट्टी वर लाकडी पट्टीला अडकवून सोडली की दोन्ही त्रास संपतात, आणि ती काढून धुता येते.

रायपुरात बैठकीचा खरा वैरी मात्र ओल. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस एकीकडे, आणि त्याआधीचे दोन-तीन महिने कूलर दुसरीकडे. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली गार हवा सुखाची असते, पण ती पाणी घेऊनच येते, आणि रुई ते पाणी मुकाट्याने पिते. कूलरच्या थेट झोतात ठेवलेली गादी ऐन मे महिन्यात दमट होते. त्यात जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतो, त्यामुळे जमिनीतूनही ओल वर चढते. फरशी वरून कोरडी दिसते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

याची परीक्षा बिनखर्चाची आहे. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद फरशीवर पसरून चारी कडांना चिकटपट्टी लावावी आणि एक पूर्ण दिवस तसाच ठेवावा. उचलल्यावर कागदाच्या खालच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा फरशी काळवंडली असेल, तर ओल जमिनीतली आहे. थेंब वरच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेची. पहिल्या प्रकारात गादी थेट जमिनीवर टाकणे म्हणजे पैसे पावसात टाकणे. खाली प्लास्टिक अंथरून भागते असे पुष्कळांना वाटते, पण गादीतला दमटपणा मग प्लास्टिकवरच अडकतो आणि खालच्या खोळीवर बुरशीचे काळे ठिपके येतात. वास आधी येतो, ठिपके नंतर दिसतात.

उपाय एकच: गादीखालून हवा खेळली पाहिजे. 7 इंच उंचीची लाकडी चौकी करावी, तिच्या फळ्यांमध्ये एकेक इंचाची फट ठेवावी आणि खालची बाजू झाडू फिरेल इतकी मोकळी असावी. आत सामान ठेवायला म्हणून ती पेटीसारखी बंद करू नये. वाळवी लागली तर दिसणार नाही. सालचे लाकूड छत्तीसगढात घरचेच, जड आणि चिवट, पण पुरते वाळलेले नसले तर फळ्या वाकतात. चौकीच्या पुढच्या कडेला गादीपेक्षा दीड इंच वर येणारी पट्टी मात्र लावू नये, मांडीखाली रुतते. गादी सरकू नये म्हणून तिच्याखाली जाड सतरंजी पुरे.

चौकीवर गादी टाकली आणि ती बसल्यावर दबली, की बैठक जमिनीपासून 10 इंचांवर येते. ही बैठकच नव्हे, असे कर्मठ लोक म्हणतील. म्हणोत. जमिनीवरून उठणे आणि 10 इंचांवरून उठणे यांत साठीच्या गुडघ्याला मोठा फरक पडतो. ब्राझीलमधल्या डॉक्टरांचा 2012 चा एक अभ्यास याबाबत नेहमी पुढे केला जातो. 51 ते 80 वयाच्या 2002 माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितले. ज्यांना हाता-गुडघ्यांचा जास्त आधार घ्यावा लागला, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. पण त्यावरून खाली बसल्याने आयुष्य वाढते असे निघत नाही. आधीच अशक्त असलेल्यांना उठायला जड गेले, इतकेच त्यातून नक्की कळते. गुडघेदुखीच्या आजोबांना हा अभ्यास वाचून दाखवून खाली बसवू नये.

उरले मेज. सेवाग्रामच्या बापू कुटीत जमिनीवरची बैठक आणि बुटके मेज आजही पाहायला मिळते. खाली बसून दिवसभर लिहिता येते याचा याहून चांगला दाखला नको. घरात मात्र पूजेचा चौरंगच लिहायला ओढला जातो आणि तिथे दोन गोष्टी चुकतात. एक तर तो ठेंगणा असतो. मांडी घातलेल्या माणसाचे कोपर गादीपासून साधारण 9 इंचांवर येते, तेव्हा गादीवर ठेवायच्या मेजाचा वरचा पृष्ठभाग 9 ते 10 इंचांवर हवा. त्याहून खाली असला तर मान वाकते. दुसरे म्हणजे पायांमधले अंतर. मांडी पसरते ती दोन फुटांहून थोडी जास्त, म्हणून पायांच्या आतली मोकळी जागा 28 इंच तरी हवी. नाहीतर मेज गुडघ्यांच्या पुढे ठेवावे लागते आणि माणूस पुढे ओणवतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला हे अर्ध्या तासात कळते. चहाचे मेज वेगळे: ते खाली फरशीवर, चौकीसमोर, 14-15 इंच उंचीचे ठेवावे.

खोळी दोन-दोन असाव्यात आणि कापड आधी पाण्यातून काढून मगच शिवायला द्यावे. खादी किंवा साधे सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा 5 तरी आखडते, म्हणजे 6 फुटांच्या खोळीत साडेतीन इंच कमी पडतात आणि गादी कमानीसारखी वाकते. गाद्या पंधरा दिवसांनी उलटाव्यात, डोक्याची बाजू पायाकडे करावी, कारण सगळे घर त्याच दोन जागांवर बसते. दोन-तीन वर्षांनी रुई पिंजून घ्यावी.

आणि खोलीत एक खुर्ची राहू द्यावी. चौकीच्या मोकळ्या टोकाशी, दाराजवळ, हात टेकायला दांडे असलेली साधी लाकडी खुर्ची. गुडघ्याचे ऑपरेशन झालेली मावशी किंवा पोटुशी सून आली की सगळे बैठकीवर आणि त्या एकट्या उभ्या, असे व्हायला नको. सगळ्यांनी खाली बसलेच पाहिजे हा हट्ट बैठकीलाच मोडीत काढतो.

ज्यांना यंदा हे करायचे आहे त्यांनी चौकीचे माप आत्ताच सुताराला द्यावे आणि रुई अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भरून घ्यावी. नव्या गाद्यांना मे महिन्यातली चार-पाच कडक उन्हे मिळाली पाहिजेत. जुलैत भरलेली गादी दिवाळीपर्यंत दमटच राहते.