पगार तोच, म्हणजे किती?

‘महागाई घटली’ या बातमीची मला चीड येते. घटतो तो भाववाढीचा वेग. चढलेले भाव खाली येत नाहीत.

माझा चुलतभाऊ गडचिरोलीत कंत्राटी ऑपरेटर. सप्टेंबर 2014 पासून पगार फिक्स, 10,000. तेव्हा देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे 120 होता, सप्टेंबर 2024 मध्ये सुमारे 194. वाढ 74, तिला 120 ने भागा, जवळपास 62 टक्के महागाई. पगाराची किंमत मात्र 62 टक्के घटत नाही, इथे बरेच जण फसतात. 10,000 ला 120 ने गुणून 194 ने भागा: उरले साधारण 6,200. म्हणजे कोणी सही न करता झालेली 38 टक्के पगारकपात!

शेजारच्या टेबलावरच्या कायम कर्मचाऱ्याला निर्देशांकावरून ठरणारा महागाई भत्ता मिळतो. भावाला मिळते अकरा महिन्यांची नवी ऑर्डर, जुन्याच आकड्याची.