‘ठरल्याप्रमाणे’ कोणी ठरवलं?

मराठीत ‘ठरल्याप्रमाणे’, उर्दूत ‘जैसा कि तय पाया था’. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे असेल, पण या दोन्ही शब्दांत कर्ता नसतो हे माझ्या डोळ्यांत पटकन भरतं. कोणी ठरवलं, कधी, कुठे, काहीच नाही. ‘आपलं बोलणं झालं होतं’ हे तर आणखी निसरडं. बोलणं झालेलं असतं, खोटं नसतं. पण बोलणं होणं आणि ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका सहकारी शिक्षिकेचं प्रकरण सांगतो. त्यांनी अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर फ्लॅट घेतला होता. भाडं 14,000, डिपॉझिट 60,000, करार रीतसर नोंदवलेला. 30 एप्रिलला त्यांनी घर रिकामं केलं. 4 मे रोजी मालकांचा मेसेज आला: “मॅडम, ठरल्याप्रमाणे रंगकामाचं एक महिन्याचं भाडं वजा करून 46,000 पाठवत आहे.”

बाई गोंधळल्या. “बोलले असतील का हो? मला आठवत नाही,” म्हणाल्या. अशा वाक्याचा पहिला परिणाम हाच होतो की माणूस कागद न शोधता स्वतःची आठवण तपासत बसतो. आम्ही मोबाईल उघडला आणि पहिल्या दिवसापासून वाचत आलो.

करारात लिहिलं होतं की थकलेली बिलं आणि नुकसानभरपाई वजा करून डिपॉझिट परत मिळेल. रंगाचा शब्द नाही. पण केवळ कागद गप्प आहे एवढ्यावरून कोणाला खोटं ठरवू नये. बघायचं ते हे, की जिथे तो विषय निघायलाच हवा होता तिथेही तो निघाला नाही का? 2 एप्रिलला बाईंनी घर सोडत असल्याचं कळवून डिपॉझिटचं विचारलं होतं. उत्तर होतं: “चावी दिली की दोन दिवसांत. लाईटबिल तेवढं भरा.” वजावटीचा विषय निघाला, लाईटबिल आठवलं आणि 14,000 रुपयांचा रंग आठवला नाही! खरं ठरलेलं असतं तर इथे त्याची खूण राहिली असती. पैसे द्यायच्या दिवशीच पहिल्यांदा उगवणारा ‘ठराव’ संशयास्पद असतो.

असा मेसेज वाचून गप्प बसू नये. उत्तर दिलं नाही तर पुढे तो मेसेजच पुरावा म्हणून दाखवला जातो. बाईंनी त्याच संध्याकाळी लिहिलं: “अस्सलामु अलैकुम भाई. रंगकामाबद्दल असं ठरल्याचं मला मान्य नाही. करारात आणि 2 एप्रिलच्या आपल्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही. हे कधी आणि कुठे ठरलं, कृपया कळवा.” आरोप नाही, आवाज नाही. फक्त हरवलेला कर्ता आणि तारीख मागितली.

मालकांनी कळवलं, “चावी देताना सांगितलं होतं.” दावा ठोस झाला की तपासता येतो. मागच्या 1 जूनचा त्यांचाच मेसेज होता: “मी गावी आहे, चावी वॉचमनकडे ठेवली आहे.”

कायदाही इथे बाईंच्या बाजूचा होता. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 95 प्रमाणे (जुन्या पुरावा कायद्यात कलम 92) लेखी कराराच्या अटी तोंडी बोलण्याने खोडता येत नाहीत, आणि करार नोंदणीकृत असेल तर तो नंतर तोंडी बदलला असंही सिद्ध करू देत नाहीत. मात्र ज्या मुद्द्यावर कागद गप्प आहे आणि जो कागदाच्या विरुद्ध जात नाही, त्यावरचा वेगळा तोंडी करार सिद्ध करायची वाट उघडी असते. म्हणून वजावटींची यादी करारात असणं महत्त्वाचं. आणि करार लिहिलाच नसेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 लेखी नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. कागद नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतं.

आपल्यात ‘ज़बान दी है, लिखना क्या’ असं अभिमानाने म्हणतात आणि कागद मागणारा अविश्वासू ठरतो. हे मला कधीच पटलेलं नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असं तिथे सांगितलंय. आणि मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्याने, म्हणजे ज्याला पुढे ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणायचा मोह होईल त्यानेच!

मालक लबाड होते असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या भाडेकरूशी झालेलं बोलणं ते हिच्या नावावर जमा करत असतील. चार फ्लॅट असलेल्या माणसाचं असं होतं. आठ दिवसांनी त्यांनी 11,000 पाठवले. उरलेले 3,000 भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांसाठी ठेवले. नुकसानभरपाई करारात होती आणि भोकंही होती, म्हणून बाईंनी ते सोडून दिले.