पगाराचा भाव आणि एक ई-मेल

आपल्या व्यापारी बांधवांना भावताव शिकवण्याची गरज नाही. मीटरमागे पंचवीस पैशांसाठी आपण दलालाशी तासभर बोलतो. पण घरातला मुलगा नोकरीला लागला की हाच भावताव आपल्याला बेअदबी वाटू लागतो. मालकाने जे लिहिले त्यावर सही कर, रोजी मिळते आहे ना, असे आपणच त्याला सांगतो. आमच्या मते ही रीत चुकीची आहे. ती का, हे एका प्रकरणावरून मांडतो. त्यातील आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून थोडे सारखे करून घेतले आहेत.

आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा बारा वर्षे कापडाच्या मार्केटिंगमध्ये आहे. पालघरहून रोज लोकलने मुंबईला जातो, महिन्याला 54,000 रुपये हातात पडतात. त्याला बोईसरला, तारापूर एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्याकडून बोलावणे आले. ऑफर लेटरवर आकडा होता 78,000 रुपये महिना. घरात आनंद झाला. पत्र आमच्याकडे आले तेव्हा आम्ही त्याला एवढेच म्हटले, ‘‘बेटा, आधी ठोक भाव बाजूला ठेव आणि थान उलगडून बघ.’’

पत्र उलगडले तेव्हा आत हे निघाले. बेसिक 26,000 रुपये. घरभाडे आणि इतर भत्ते मिळून 32,600. इन्सेंटिव्ह 15,000, तोही वर्षाअखेर, टार्गेट पूर्ण झाले तर. उरलेले 4,400 म्हणजे कंपनीने भरायचा प्रॉव्हिडंट फंडाचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद. म्हणजे दरमहा खात्रीचे 58,600. त्यातून त्याचा स्वतःचा फंडाचा हिस्सा, बेसिकच्या 12 टक्क्यांप्रमाणे 3,120, आणि व्यवसाय कर 200 वजा केल्यावर हातात 55,280. अठ्ठ्याहत्तर हजारांच्या नोकरीत त्याला आजच्यापेक्षा फक्त 1,280 रुपये जास्त मिळणार होते.

दुसरी गाठ वेतनवाढीत होती. कंपनीत वाढ एप्रिलमध्ये होते, पण 1 ऑक्टोबरनंतर रुजू झालेल्यांना त्या एप्रिलमध्ये ती मिळत नाही. जुन्या जागेचा दोन महिन्यांचा नोटीस काळ संपवून हा मुलगा डिसेंबरात रुजू होणार. म्हणजे त्याचा पगार पहिल्यांदा पाहिला जाणार तो सोळा महिन्यांनी.

त्याने कंपनीला इंग्रजीत ई-मेल लिहिला. त्याचा मराठी मजकूर असा:

‘‘विषय : मार्केटिंग मॅनेजर पदाची ऑफर, दोन विनंत्या.

आदरणीय महोदय, ऑफर लेटर मिळाले, आभारी आहे. हे काम करण्याची माझी इच्छा आहे. सही करण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार व्हावा.

पहिली : बेसिक 39,000 रुपये करावे आणि एकूण रक्कम 84,000 करावी. त्यासाठी इन्सेंटिव्ह 15,000 वरून 10,000 वर आणण्यास माझी तयारी आहे. शर्टिंग आणि शाळेच्या गणवेशाचे कापड यांत माझा बारा वर्षांचा अनुभव आहे आणि या भागातले घाऊक व्यापारी मला ओळखतात.

दुसरी : माझ्या पगाराचा पहिला आढावा जुलैमध्ये व्हावा. गणवेशाच्या ऑर्डरी हिवाळ्यात नोंदल्या जातात आणि माल मेपर्यंत जातो. तेव्हा जुलैत माझे काम तीन गोष्टींवरून मोजता येईल : किती मीटर विकले, किती पैसे वसूल झाले आणि किती माल परत आला.

सुधारित पत्र मिळाल्यापासून दोन दिवसांत सही करीन आणि 1 डिसेंबरला रुजू होईन.’’

एवढेच पत्र. त्यात घरखर्चाचे रडगाणे नाही, दुसऱ्या कंपनीच्या खोट्या ऑफरची धमकी नाही. अशी धमकी द्यावी तर समोरचा ‘मग तिकडेच जा’ म्हणतो आणि खोटे बोलणारा दोन्हीकडून जातो. मागण्याही दोनच. पाच मागितल्या की समोरचा सर्वांत स्वस्त एक देऊन मोकळा होतो.

बेसिकवरच जोर का, हे नीट समजून घ्यावे. फंड बेसिकवर कापला जातो. ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटच्या वेतनावर होतो : ते वेतन भागिले 26, गुणिले 15, इतके दर वर्षाच्या नोकरीमागे. 26,000 वर ते वर्षाला 15,000 रुपये होतात, 39,000 वर 22,500. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. म्हणजे बेसिक लहान आणि भत्ते मोठे दाखवून वाचवण्याचे दिवस आता गेले. तरीही नोकरी सोडताना कोणता भत्ता धरायचा यावर वाद घालत बसण्यापेक्षा पहिल्या दिवशीच कागदावर निम्मे बेसिक असलेले बरे.

उत्तर चार दिवसांनी आले. 84,000 देता येणार नाहीत, कारण त्याच पदावरच्या जुन्या माणसापेक्षा ते जास्त होतात. लहान कारखान्यांत ही अडचण खरी असते आणि ती मान्य करावी लागते. कंपनीने 80,000 दिले : बेसिक 39,000, भत्ते 24,400, इन्सेंटिव्ह 10,000 आणि फंड व ग्रॅच्युइटीपोटी 6,600. आता खात्रीचे 63,400 झाले. त्यातून फंडाचे 4,680 आणि कराचे 200 गेल्यावर हातात 58,520. कंपनीचा भार महिन्याला दोनच हजारांनी वाढला. मुलाच्या हातात मात्र 3,240 जास्त आले आणि फंडात त्याचे 1,560 व कंपनीचे तेवढेच दरमहा वाढले. कारण इन्सेंटिव्हमधले पाच हजार ‘मिळाले तर’ मधून ‘मिळणारच’ मध्ये आले.

जुलैचा आढावाही मान्य झाला, पण फोनवर. इथे मुलाने घाई केली नाही. ‘‘हे पत्रात लिहून यावे,’’ अशी विनंती त्याने केली. सुधारित पत्र हाती येईपर्यंत जुन्या जागी राजीनामा दिला नाही. जो अधिकारी फोनवर कबूल करतो तो जुलैत त्या खुर्चीवर असेलच असे नाही. आढावा म्हणजे वाढ नव्हे, हेही त्याने घरी सांगून ठेवले आहे. तीन मोजमापे पत्रात लिहिली गेली, एवढेच त्याने मिळवले. वाढ कामावर ठरेल.

आमचे जे बंधू स्वतः कारखाने चालवतात, त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. असा ई-मेल आला की राग मानू नका. ज्या माणसाला तुम्ही तुमचे कापड विकायला ठेवणार आहात, तो स्वतःच्या मेहनतान्याचा हिशेब अदबीने आणि आकड्यांनिशी मांडू शकत नसेल, तर तो घाऊक व्यापाऱ्यासमोर तुमच्या मालाचा भाव कसा टिकवणार? आणि देता येत नसेल तर या कंपनीसारखे कारण लिहून कळवा. भत्त्यांत फुगवलेल्या आकड्यावर आलेला माणूस पहिल्या महिन्याच्या पगाराच्या दिवशीच दुसरी जागा शोधू लागतो. गणवेशाच्या हंगामात मार्केटिंगची जागा रिकामी पडली, तर वर्षाचा धंदा जातो. दोन हजारांपेक्षा तो तोटा फार मोठा आहे.